डबा धुवायचा नाही

माझ्या भावाचं एक आहे. तो परवानगी देतो तेव्हा तिला एक अट चिकटवतोच. लेकीला, श्रीनिधीला, चेन्नईला पाठवतानाही त्यानं तेच केलं. पोरीनं उदगीरला बसून स्वतःच्या मार्कांवर इथल्या आर्किटेक्चरच्या कॉलेजात जागा मिळवली होती. माधवनं पेढे वाटले, सगळ्यांसमोर छाती फुगवली आणि रात्री मला फोन केला. "ताई, पाठवतो. पण तब्येत उतरलेली दिसली की मी येऊन घेऊन जाणार. मग कॉलेज गेलं खड्ड्यात."

त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. बारावीच्या वर्षी या पोरीला कावीळ झाली होती. परीक्षा हुकली, वर्ष गेलं आणि तिची आई रात्र रात्र उशाशी बसून राहिली. त्या दिवसांची धास्ती माधवच्या मनातून गेलेली नाही. पण धास्ती बापाची आणि तिचं ओझं पोरीच्या डोक्यावर, हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं. मी तसं बोलले. त्यानं ऐकलं नाही. लहानपणापासून ऐकत नाही.

आम्ही चेन्नईत अण्णा नगरला राहतो. कॉलेज शोळिंगनल्लूरच्या पुढे. मेट्रो, मग बस, मग वाटेतला ट्रॅफिक, असं रोज येणं-जाणं केलं असतं तर पोरगी वाटेतच म्हातारी झाली असती. म्हणून पेरुंगुडीत तिच्यासाठी एक खोली बघितली. खोली स्वच्छ, खिडकीत वारा, गेटवर विजयकुमार नावाचे वयस्कर वॉचमन. मालकीणबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं की खोलीत गॅस नाही, शेगडी नाही, चहाची किटलीसुद्धा नाही. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबला जेवणावर. पोरीचं कॉलेज टिकणार की नाही, हे आता कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ठरणार होतं.

मेस निवडण्याबद्दल ज्याला त्याला अक्कल असते. माझ्या शेजारणीनं मोबाइलवरून महिन्याचं जेवण मागवायला सांगितलं, माझ्या नवऱ्यानं "हॉटेलं काय कमी आहेत?" असं विचारलं आणि स्वतः वर्तमानपत्रात तोंड घातलं. मी कुणाचंही ऐकलं नाही. मेस ही बसून खाऊन बघितल्याशिवाय ठरवायची नाही, तीही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी सगळेच चांगलं वाढतात. आणि विचारायचं ते भाज्यांबद्दल नाही. रविवारी रात्री काय, सणाला बंद असते का, प्यायचं पाणी कुठलं, चार दिवस गावी गेलं तर आधी कधी सांगायचं, हे विचारायचं. मेसवाल्याचा चेहरा तिथे कळतो.

आम्ही दोघी फिरलो. ऑफिसातल्या पोरांसाठी चालणारी एक उत्तर हिंदुस्थानी पद्धतीची मेस होती. तिथल्या डाळीवर तेलाचा असा तवंग की खाली डाळ आहे हे विश्वासानं मानायचं. काविळीतून उठलेल्या पोटाला ते नको. एक आंध्र मेस होती, तिथला पहिला घास खाऊन श्रीनिधीच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्या नाकातून. कॉलेजजवळची एक साधी तमिळ मेस मात्र मला बरी वाटली. केळीचं पान, भात, सांबार, रस्सम, एक कोरडी भाजी, ताक, सगळं गरम. पण ती फक्त दुपारची. शिवाय मागे खुर्ची धरून लोक उभे. पोरगी हळू जेवणारी. मागचा माणूस खाकरला की ही अर्धं पान मिटून उठणार, हे मला दिसतच होतं.

आणि मग गोदाक्का सापडल्या. पेरुंगुडीतच, खोलीपासून जवळ, एका जुन्या अपार्टमेंटमध्ये. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं, "अहो, तुमच्यातल्याच आहेत. तंजावरच्या मराठी." मग मला काय, स्वर्ग दोन बोटं उरला. परक्या गावात, समुद्राच्या काठावर, मराठी बोलणारं घर आणि त्या घरातून डबा!

गोदाक्कांनी दार उघडलं तेच म्हणत, "या की, अस्के आंत या." अस्के म्हणजे सगळे, हे मी इतक्या वर्षांत शिकले होते. अंगानं बारीक, हिऱ्याच्या चमक्या, पाठीनं ताठ. त्यांचे यजमान राघोत्तमराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते मोपेडवरून डबे पोहोचवायचे, सकाळचा आणि संध्याकाळचा, आणि रिकामे परत आणायचे. डबे मोजकेच. स्वयंपाकघर इतकं लख्ख की मी उगाच पदर सावरला.

"तिखट कमी करीन. तेल मी घालतच नाहीं फार," गोदाक्का म्हणाल्या. "पाणी कॅनचं. अमावास्येला कांदा नाहीं. आमच्याकडे श्राद्धाची तिथ असली तर डबा उशिरा येईल, आधीं सांगेन. आणि पोरी, हें एक लक्षांत धर. डबा धुवायचा नाहीं. जसा आहे तसा द्यायचा."

"खोलीत बोअरचं खारं पाणी येतं म्हणून असेल," मी समजूतदारपणे म्हणाले.

"तेंही आहे," त्या म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. अंबटभाजी केली होती, म्हणजे चिंचेच्या कोळात शिजवलेली पालेभाजी आणि डाळ. शिवाय भाजलेल्या उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी, सांबार, भात. मला सगळं आवडलं. श्रीनिधीनं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणाली, "छान झालंय, आजी." गोदाक्कांनी तिला पुन्हा वाढलं. तेही तिनं संपवलं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि माधवला फोन करून सांगितलं, "मराठी घर मिळालंय. आता डोक्याला त्रास करून घेऊ नकोस आणि मला देऊ नकोस."

पुढे सगळं सुरळीत चाललं होतं. निदान कानावर तसं येत होतं. श्रीनिधीला विचारलं की "जेवले आत्या, छान होतं." गोदाक्कांना विचारलं की त्यांच्या आवाजात गुळाची ढेप. "पोरगी अस्कं खात्ये. शीतसुद्धा ठेवत नाहीं. माझ्या हातचं असं कोणीं खाल्लें नव्हतें. मी आतां एक वाटी वाढवून देत्ये." ते मी माधवला सांगायचे आणि तो फोनवर समाधानानं हुंकार द्यायचा. व्हिडिओ कॉलवर पोरगी मोबाइल उंच धरून बोलायची, मला वाटायचं हल्लीची फॅशन.

नवरात्रात कॉलेजात आयुधपूजा झाली. श्रीनिधीच्या एका मैत्रिणीनं सगळ्यांचा साडीतला फोटो टाकला. तो उदगीरला पोहोचला. माधवचा मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज नको तितका शांत होता.

"ताई, फोटो पाहिलास? गळ्याची हाडं मोजता येतात. मी रविवारी येतोय. परतीची दोन तिकिटं काढलीत."

"अरे, आधी विचार तरी..."

"विचारायचं काय? आपलं ठरलं होतं."

फोटो मी नीट पाहिला. खरंच, पोरगी अर्धी झाली होती. आणि मी मेली रोज तिच्या डब्याचे गोडवे गात होते! मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. शनिवारी संध्याकाळी न सांगता मी पेरुंगुडी गाठली.

गेटमधून आत शिरले तर आमचे वॉचमन विजयकुमार खुर्चीवर बसून जेवत होते. समोर स्टुलावर डब्याचे कप्पे मांडलेले. भात, सांबार, दुधी भोपळ्याची भाजी. डब्याच्या झाकणावर लाल रंगानं श्रीनिधीचं नाव होतं. विजयकुमारांची तब्येत मात्र चांगलीच सुधारली होती. मला बघून त्यांनी हात पुसत उठायचा प्रयत्न केला आणि तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, पाप्पाच देते. ती म्हणते, ताता, तुम्ही खा. रोज म्हणते." पाप्पा म्हणजे पोरगी, ताता म्हणजे आजोबा.

मी त्यांना बसा म्हटलं. भुकेल्या माणसाच्या पुढ्यातलं जेवण थांबवण्याइतकी मी तापट नाही. पण जिना मी असा चढले की मालकीणबाईंनी दार उघडून बघितलं.

श्रीनिधी ड्रॉइंगच्या कागदांवर वाकून बसली होती. बाजूला दहीभाताचा एवढासा पुडा संपलेला आणि बिस्किटांचं वेष्टण. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"काय चाललंय हे?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग एकदम सगळं बाहेर आलं. तिला चिंच चालत नाही, ते आंबट खाल्लं की पोटात ढवळतं. सांबारही नाही आणि ती अंबटभाजीही नाही, साध्या भाजीतही चिंच असायचीच. पहिल्या दिवशीही तिनं ते औषधासारखं गिळलं होतं. दुपारचा डबा कॉलेजातल्या मैत्रिणी आनंदानं फस्त करायच्या, रात्रीचा विजयकुमार. ती दहीभात खायची, नाहीतर कोपऱ्यावरचा बन आणि केळं. मग रिकामा डबा साबणानं घासून, कोरडा करून परत पाठवायची.

"धुवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी?"

"आत्या, आजीच्या वयाच्या आहेत त्या. त्यांना माझं उष्टं कसं धुवायला लावू? आई काय म्हणेल?"

आमच्या घरात असाच धाक आहे. दुसऱ्याच्या घरचं भांडं घासल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि दुसऱ्याच्या घरचं जेवण वाईट असूच शकत नाही. जेवायला बसलेला माणूस ताट रिकामं करतो आणि छान म्हणतो. आमच्या वडिलांनी हे आम्हाला शिकवलं, आम्ही पोरांना.

"अगं पण मला तरी सांगायचंस. मी दुसरी मेस बघितली असती."

"तू बाबांना सांगितलं असतंस. तुझ्या पोटात राहतं का काही? आणि जेवण जमत नाही म्हटलं की बाबा आलेच असते." तिनं डोळे पुसले. "मला नाही जायचं, आत्या. मला इथलं सगळं येतंय. मी पहिल्यांदाच कशात तरी चांगली आहे. मला वाटलं, होईल हळूहळू सवय."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो. मी तिला हाताला धरून उठवलं. "चल. आधी जिचं अन्न टाकलंस तिला सांग. बापाचं उद्या बघू."

गोदाक्का पोळपाट धूत होत्या. श्रीनिधीनं मान खाली घालून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. राघोत्तमराव पेपर बाजूला ठेवून ऐकत राहिले. मला वाटलं, म्हातारी आता पोरीच्या पाठीवरून हात फिरवेल. कसलं काय. गोदाक्का भडकल्या.

"मी काय सांगितलें होतें? डबा धुवायचा नाहीं! तोंडानं कोण खरें सांगतो? अस्के म्हणतात, रोंबा बेस, फार छान. मी कोणाला विचारतच नाहीं. डबा उघडत्ये. बीन्स राहिले, पुढें बीन्स घालत नाहीं. भात राहिला, कमी करत्ये. तूं डबा धुवून मला आंधळी केलीस. आणि मी वेडी, चकचकीत डबा बघून खूश. साबणाचा वास येत होता, तरी यांना म्हणाल्यें, बघा, पोरीला माझा हात कसा आवडतो."

"मी म्हणालों होतों, कोणी इतकें खात नाहीं," राघोत्तमराव हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." मग त्या श्रीनिधीकडे वळल्या. आवाज तसाच, पण डोळे भरलेले. "माझ्या घरचा डबा जातो आणि पोर उपाशी झोपत्ये. हें मला कसें वाटेल, तूं सांग. तूं पाहुणी नव्हेस. तुला जेवू घालणं माझं काम आहे. आवडत नाहीं म्हण. मी काय मारणार?"

श्रीनिधी पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला अर्ध्यात धरलं आणि विचारलं, "काय चालतें, तें सांग आधीं."

मग दोघींचं ठरलं. गोदाक्कांनी स्पष्टच सांगितलं की ज्वारीची भाकरी त्यांना येत नाही आणि या वयात त्या शिकणार नाहीत. पण रात्री पोळ्या देतील, चिंच न घातलेली डाळ, एखादी साधी भाजी आणि दहीभात. सकाळचा डबा बंद. दुपारी कॉलेजजवळच्या त्या पानावरच्या मेसमध्ये जेवायचं, तिथलं सांबार-रस्सम सोडून भात, कोरडी भाजी आणि भरपूर ताक. मागचा माणूस खाकरला तर खाकरू द्यायचं, हे मी तिला बजावलं. महिनाभर बघायचं, नाही जमलं तर बदलायचं. इतकं सोपं होतं सगळं.

पण रविवारी सकाळी माधव उतरला तो तोंड मिटून. खोलीत गेला, पोरीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बॅग भर. संध्याकाळची गाडी आहे." मी बोलायला तोंड उघडलं तर हातानंच मला थांबवलं. श्रीनिधी कपाटाकडे जाऊन उभी राहिली, बॅग मात्र काढली नाही.

वाद वाढण्याआधी मी म्हटलं, "गोदाक्कांनी जेवायला बोलावलंय. त्यांना नाही म्हणता येणार नाही." हे मात्र माधवला पटलं. घरी बोलावलेल्या जेवणाला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही.

गोदाक्कांना श्रीनिधीपुरतं वेगळं करायचं माहीत होतं, माधवसाठी मात्र त्यांनी घरची पद्धत ठेवली. केळीच्या पानावर अंबटभाजी, पच्चडी, सांबार. श्रीनिधीच्या पानावर पोळी आणि वरण. माधवनं पहिला घास घेतला आणि मला त्याच्या मानेची शीर दिसली. लहानपणी चिंचेची आमटी असली की हा असाच बसायचा. तो पाणी प्यायला. दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी. मान खाली घालून, न थांबता, त्यानं ती भाजी संपवली.

"कशी झाल्ये?" गोदाक्कांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"छान. उत्तम झालीये," माधव म्हणाला.

गोदाक्का पातेलं घेऊन वाकल्या. पळी भरली. माधवनं पान थोडं पुढे केलं, चेहऱ्यावर ते आमचं खानदानी हसू. आणि तेवढ्यात श्रीनिधी बोलली.

"आजी, बाबांना ती नका वाढू. त्यांना आवडलेली नाही."

गोदाक्कांचा हात थांबला. माधव लालबुंद झाला. "नाही, नाही, काय बोलतेस? छानच आहे."

"बाबा, तुम्ही प्रत्येक घासाला पाणी पिताय."

गोदाक्कांनी पळी पातेल्यात सोडली. "सरी," त्या म्हणाल्या, "नको तर नको," आणि त्याला भातावर दही वाढलं. त्यांना राग आलेला नव्हता. माधवनं दह्यात भात कालवला, पण घास उचलला नाही. मग त्यानं लेकीकडे पाहिलं.

"तूपण असंच करत होतीस?"

"हो."

"इतके दिवस?"

तिनं मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस गं?" त्यानं विचारलं. "मी काय परका आहे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घेऊन गेला असता," श्रीनिधी म्हणाली. "मला भूक लागायची, बाबा. पण तुमची भीती जास्त वाटायची."

माझ्या भावाला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्यानं डावा हात डोळ्यांवर धरला आणि उजवा तसाच दहीभातात राहिला. मला त्याचं फार वाईट वाटलं. ज्या आजाराला तो इतका भ्यायला होता, त्याच भीतीनं त्यानं पोरीला उपाशी ठेवलं होतं, आणि हे त्याला आता, दुसऱ्याच्या घरी, पानावर बसून कळत होतं. माझ्यासारख्या बाईलासुद्धा कधीतरी गप्प बसता येतं.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि डाव्या हातानं राघोत्तमरावांपुढे धरला.

"दोन तिकिटं आहेत," तो म्हणाला. "यातलं एकच रद्द करता येतं का हो?"

राघोत्तमरावांनी चष्मा लावला. श्रीनिधीनं वर बघितलं नाही. तिनं पान थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आजी, मला अजून दहीभात हवाय."